कुंकू किती काळं दिसावं? कृष्णधवल व्यक्तिचित्रातल्या त्वचेचा आढावा

लग्नाच्या अल्बममधली चार-दोन पानं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करून द्या, ही मागणी नांदेड-लातूरच्या स्टुडिओंना आता नवी नाही. याच भागातले हौशी आणि वृत्तछायाचित्रकार ऊसतोड मजूर, वारकरी, तांड्यावरच्या म्हाताऱ्या यांचे चेहरे मुद्दाम कृष्णधवलमध्ये दाखवतात. हेतू वेगवेगळे असले तरी तक्रारी सारख्याच येतात. रंग काढला की एखादा माणूस प्रत्यक्षापेक्षा काळा दिसतो, एखादा उगाच उजळतो, कुणाच्या सुरकुत्या एकदम खोल जातात, आणि साधा हसरा चेहरा गंभीर वाटायला लागतो. हे का होतं आणि त्यातलं काय योग्य, यावर छायाचित्रकार, समीक्षक आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यात बराच काळ चर्चा चालू आहे. ती आज कुठे आली आहे, ते इथे पाहू.

काचेपासून फिल्मपर्यंत

जुन्या वाड्यांच्या भिंतीवरच्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं, यापासून सुरुवात करणं सोयीचं. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं दिसलं, की विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवाही दिसतो. त्यातून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ प्लेटा आणि पुढे फिल्म निघाल्या. तांबडा रंग मात्र त्यांनाही दिसत नव्हता. तांबडं दिसणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ सामग्री विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली आणि रुळायला आणखी बरीच वर्षं गेली.

ज्या प्लेटला तांबडं दिसत नाही, तिच्यावर कुंकू काळंच उमटणार. त्वचेचंही तेच होतं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरून परत येणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा वाटा मोठा आणि निळ्याचा लहान असतो, कारण त्वचेतलं मेलॅनिन निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत आपल्याकडची माणसं डोळ्याला दिसत त्यापेक्षा गडद यायची. गोऱ्या कातडीवर हा फरक कमी पडायचा. यात कुणाचा हेतू नव्हता, रसायनाचा गुण होता. पण त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नव्हता, हे खरं.

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातले सर्वांत नावाजलेले छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला. त्यांच्या पिढीने काम केलं ते याच प्रकारच्या प्लेटांवर. त्या मर्यादेवर स्टुडिओवाल्यांचे तोडगे ठरलेले होते. मोठ्या खिडकीचा मऊ उजेड, चेहऱ्यावर पावडर आणि निगेटिव्हवर पेन्सिल. चेहऱ्यावरचा डाग किंवा सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथे शिसपेन्सिलीने बारीक टिपके भरले की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. म्हणजे चेहरा गोरा करून देण्याची कला फोटोशॉपच्या शंभर वर्षं आधीची आहे.

पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तेव्हा पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं. स्टुडिओतल्या पिवळट बल्बच्या प्रकाशात तांबडा भरपूर असतो. तो या फिल्मला दिसत असल्याने त्वचा आणि ओठ दोन्ही फिकट यायचे, म्हणून जाणकार लेन्सवर हलका हिरवा फिल्टर लावत. ‘खरा’ कृष्णधवल फोटो म्हणावा असा एकच प्रकार इतिहासात कधी नव्हता, एवढं यावरून दिसतं.

एक चेहरा, चार उत्तरं

डिजिटल कॅमेऱ्याने निवड फोटो काढल्यानंतरवर ढकलली. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात, आणि रंग काढणं म्हणजे या तिघांचा एक आकडा करणं. तो कसा करायचा, यावर चेहरा ठरतो.

उदाहरणच घेऊ. कपाळावर कुंकू आणि हनुवटीवर गोंदण असलेली एक म्हातारी सावलीत बसली आहे. तिच्या गालाच्या त्वचेचे आकडे समजा तांबडा १५०, हिरवा १०५, निळा ८०. कुंकवाचे १८०, ३०, ४०. गोंदणाचे ७०, ८५, ८०, कारण जुनं गोंदण निळसर-हिरवट झालेलं असतं. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण प्रत्यक्ष फाईलमध्ये याच्या आसपासचेच सापडतात.

सर्वांत प्रचलित सूत्र डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेलं आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

यात त्वचा ११६ येते, कुंकू ७६ आणि गोंदण ८०. म्हणजे चेहरा मध्यम करडा, आणि कुंकू व गोंदण जवळजवळ सारख्याच गडद छटेचे. प्रत्यक्षात एक लालभडक आणि एक हिरवट असूनही पाहणाऱ्याला दोन्ही एकाच शाईचे वाटतील. फोटोशॉपमधल्या Desaturate आज्ञेचं गणित वेगळं आहे. ती सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढते. तिच्यात त्वचा ११५, कुंकू १०५ आणि गोंदण ७८ येतं. कुंकू त्वचेत बुडतं. ‘फोटो फ्लॅट आलाय’ ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

आता फक्त तांबडा चॅनल ठेवला तर त्वचा १५०, म्हणजे उजळ. कुंकू १८०, म्हणजे त्वचेपेक्षाही पांढुरकं. गोंदण ७०, ठसठशीत काळं. फक्त निळा ठेवला तर चित्र उलटं होतं. त्वचा ८०, कुंकू ४०, आणि गोंदण त्वचेइतकंच ८०, म्हणजे दिसेनासं. हे निळं उत्तर बरंचसं पणजीच्या काळातल्या प्लेटसारखं आहे. जुन्या फोटोंत कुंकू ठळक दिसतं आणि गोंदण हरवतं, याचं एक कारण हे असू शकतं.

हळदीच्या फोटोंना हाच नियम लागू होतो. ओल्या हळदीचे आकडे २१५, १६०, ३० असे धरले तर तांबड्या चॅनलमध्ये हळद चकाकते आणि निळ्यात कोळशासारखी काळी होते. हळदीचे फोटो कृष्णधवल करताना नवरीच्या गालावर काजळी फासल्यासारखी दिसली, तर निळ्याचं प्रमाण वाढलं आहे असं समजावं.

उजळवणं की न्याय?

वादाचा गाभा इथे आहे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्लायडर असतो. माणसाची त्वचा, मग ती गोरी असो वा सावळी, बहुतेक नारिंगी पट्ट्यात पडते. सावळी त्वचा म्हणजे रंगशास्त्राच्या हिशेबाने गडद नारिंगीच. त्यामुळे Orange हा एकच स्लायडर उजवीकडे ओढला की माणूस गोरा होतो, डावीकडे ओढला की काळा. रंगीत फोटोत हे केलं तर लबाडी लगेच कळते. कृष्णधवलमध्ये ताडून पाहायला रंगच उरलेला नसतो.

एका पक्षाचं म्हणणं असं, की यंत्राचं सूत्र सावळ्या त्वचेवर अन्याय करतंच, तेव्हा तांबडा-नारिंगी थोडा वाढवून चेहऱ्यातले तपशील वर आणणं ही दुरुस्ती आहे. याला इतिहासाचा आधार आहे. रंगीत छपाई जुळवायला कोडॅक जी ‘शर्ली कार्डं’ वाटायची, त्यांवर दशकानुदशकं गोऱ्या बायकाच असत आणि बाकीच्या त्वचा त्या मापात बसवल्या जात. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास तपशीलवार मांडला आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, की दुरुस्ती आणि गोरेपणाची हौस यांतली रेघ फार पुसट आहे. वधू-वर परिचयाच्या फोटोत नारिंगी स्लायडर कुठल्या दिशेला जातो, हे सांगायला नको. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला, पण स्टुडिओतली मागणी त्या दिवशी बदलली नाही.

या दोघांच्या मधली एक जुनी वाट आहे. ॲन्सेल ॲडम्स यांच्या झोन पद्धतीत गोऱ्या त्वचेची जागा सहाव्या झोनमध्ये आणि सावळ्या त्वचेची पाचव्यात धरली जाते, म्हणजे दोघांत एका स्टॉपचा फरक. सगळ्यांना एकाच उजळ पातळीवर आणायचं नाही, प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवायचं आणि त्या जागेच्या आत तपशील शाबूत राखायचा. मला ही भूमिका सर्वांत व्यवहार्य वाटते. अर्थात झोनचे वर्णनशब्द अमेरिकेच्या संदर्भातले आहेत, आणि मराठवाड्यात एकाच घरात तीन छटा सापडतात.

केतकी शेठ यांचं ‘अ सर्टन ग्रेस’ (२०१३) हे भारतातल्या सिद्दी समाजाच्या कृष्णधवल व्यक्तिचित्रांचं पुस्तक या संदर्भात जरूर पाहावं. अतिशय गडद त्वचा गडदच ठेवून तिच्यातले चढउतार छापता येतात, हे तिथे दिसतं.

एक अडचण रूपांतराच्याही आधीची आहे. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतली सरासरी मध्यम करड्यावर आणायला पाहतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि दुपारचं ऊन असलं की मीटर एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग तो नंतर स्लायडरने ओढून काढावा लागतो. पांढऱ्या रंगावर रंगाच्या स्लायडरचा परिणाम होत नाही, म्हणून टोपी आहे तशी राहते आणि टोपीखालचा चेहरा तेवढा उकरून काढल्यासारखा दिसतो. धोतर-टोपीवाल्या माणसाचं एक्स्पोजर चेहऱ्यावरून घेतलं तर ही वेळ येत नाही.

पोत: सुरकुती कुठून येते

पोताबद्दल मतभेद कमी आहेत, कारण इथे भौतिकशास्त्र स्पष्ट आहे. तांबडा प्रकाश त्वचेत खोल शिरतो, आत विखुरतो आणि पसरून बाहेर येतो, त्यामुळे त्या चॅनलमध्ये त्वचा नितळ दिसते. निळा प्रकाश वरवरूनच परत फिरतो आणि रंध्रं, सुरकुत्या, वांगाचे डाग सगळं दाखवतो. हिरव्याला रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, म्हणून मुरुमाची लाली हिरव्या चॅनलमध्ये गडद डाग होते आणि तांबड्यात जवळपास नाहीशी. उन्हात राबलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर ‘इतिहास कोरलेला’ दिसावा असं वाटणारा छायाचित्रकार नकळत निळ्या-हिरव्याकडे झुकतो. नवरीचा फोटो करणारा तांबड्याकडे झुकतो. वय दहा वर्षांनी मागेपुढे करायला एवढं पुरतं.

बिघाड होतो तो अतिरेकात. स्लायडर रंगछटेनुसार काम करतो आणि चेहऱ्यावर छटा एकसारखी नसते. गाल आणि नाक तांबड्याकडे झुकलेले असतात, कपाळ नारिंगीकडे. एकच स्लायडर फार ओढला की त्या दोघांच्या सीमेवर चट्टे पडतात. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल असली तर प्रकार आणखी बिघडतो. जेपीईजीत रंगाची माहिती उजेडाच्या मानाने फार ढोबळ साठवलेली असते, आणि स्लायडर नेमकी तीच वापरतो. मग गालावर चौकोनी तुकडे उमटतात. ओळखायचं असेल तर फोटो शंभर टक्के मोठा करून कानाची कड आणि जबड्याची रेघ पाहावी. तिथे फिकट किनार किंवा पायऱ्या दिसल्या, तर हात मागे घ्यावा.

तांड्यावरच्या फोटोंत हा प्रश्न विशेष जाणवतो. किनवट-माहूरकडच्या बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखात तांबडा-नारिंगी रंग भरपूर असतो, आणि त्वचाही त्याच पट्ट्यात. चेहरा उजळायला गेलं की कांचळी आणि ओढणी दोन्ही फिकट होतात, आरशांची चमक मागे पडते, आणि कापडावरच्या भरतकामाचा उठाव जातो. नांदेडच्या निहंग शिखांच्या गडद निळ्या पगडीचं काम उलट सोपं आहे. निळा स्लायडर चेहऱ्याला हात न लावता पगडी हवी तशी गडद करतो.

भाव: कॅमेऱ्यातला आणि डोक्यातला

कृष्णधवल फोटो गंभीर का वाटतो, याची उत्तरं दोन प्रकारची आहेत. पहिलं चेहऱ्यातच सापडतं. डोळे आणि ओठ भोवतालच्या त्वचेपेक्षा किती गडद आहेत, यावरून आपण वय आणि चेहऱ्याचा बायकी-पुरुषी ढंग ओळखतो, असं रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. वयाबरोबर हा फरक कमी होतो. तांबडा वाढवला की ओठ फिकटतात, फरक घटतो आणि चेहरा थकलेला दिसू शकतो, त्वचा नितळ झाली असली तरी. त्वचा गडद केली तर डोळ्यातला पांढरा भाग मात्र बदलत नाही, म्हणून तो झळकतो. वृत्तपत्रांतली ‘भेदक नजर’ कितीदा माणसाची असते आणि कितीदा स्लायडरची, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. शिवाय रंगाबरोबर गालांवरची लालीही जाते. इअन स्टीफन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत, चेहरा निरोगी दिसावा म्हणून लोकांनी त्यात लाली आणि पिवळसरपणा वाढवला होता. ही खूणच नसली की तब्येत आणि लाज दोन्ही अंदाजाने वाचाव्या लागतात.

दुसरं उत्तर पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे. ह्योजिन ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कृष्णधवल प्रतिमा पाहताना माणूस तपशिलापेक्षा सारावर लक्ष देतो, आणि दूरच्या काळाची कल्पना करताना चित्रं कमी रंगीत होतात. आपल्याकडे या अंतराला वेगळाच संदर्भ आहे. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटींनी कृष्णधवल चेहऱ्याला मृत्यूशी बांधून ठेवलं आहे. त्यात वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, मधल्या छटा ठरल्यापेक्षा गडद होतात आणि सावळा चेहरा आणखी काळा छापून येतो. लग्नाच्या अल्बममध्ये आजोबांचा फोटो ‘तसला’ नको, असं एखादं घर म्हणतं तेव्हा ते अडाणीपणाचं लक्षण नसतं. तो याच सवयीचा परिणाम असतो.

समीक्षेतली मोठी फूटही भावावरूनच पडली आहे. रघुबीर सिंग यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) मध्ये ठामपणे मांडलं, की भारतीय जगणं रंगातच आहे आणि कृष्णधवलची उदास नजर पश्चिमेची आहे. दुसऱ्या बाजूला पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावरचं प्रदर्शन कृष्णधवलमध्ये केलं, आणि सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवरचं गाजलेलं काम त्याच माध्यमात केलं. मुंबईच्या कामगारांच्या त्या फोटोंत रंग असता, तर कचऱ्याच्या रंगीबेरंगी ढिगाने चेहऱ्यावरून नजर ओढून नेली असती, असं या बाजूने म्हणता येतं. सेबास्तियाओ साल्गादो यांच्यावर १९९१ मध्ये इन्ग्रिड सिशी यांनी घेतलेला आक्षेप मात्र अजून जिवंत आहे: दुःख इतकं देखणं झालं, की पाहणारा देखणेपणातच अडकतो. दुष्काळावरच्या फोटोंबद्दल मराठवाड्यातही हा आक्षेप लागू पडतो.

काय सुटलेलं नाही

संशोधनाची पहिली उणीव उघड आहे. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांतले, तिथल्या चेहऱ्यांवरचे आणि तिथल्या पाहणाऱ्यांवरचे. त्वचा किती गडद ‘वाटते’ हे फक्त फाईलमधल्या आकड्यावर ठरत नाही, हे डॅनियल लेव्हिन आणि महजरीन बनाजी यांनी २००६ मध्ये दाखवलं. उजेडाने सारखेच असलेले चेहरे लोकांना वंशाच्या लेबलाप्रमाणे कमी-जास्त गडद वाटले. आपल्याकडे त्या लेबलांची जागा जात, गाव आणि कपडे घेतात का, हा प्रश्न खुला आहे.

दुसरा प्रश्न नियमांचा. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत कृष्णधवल रूपांतर चालतं. अट एवढीच, की छटा बदलून आशय बदलू नये. पण त्वचेची छटा हाच जिथे आशय आहे, तिथे काय? नारिंगी स्लायडरने माणूस दोन पायऱ्या काळा केला तर नियम मोडला की नाही, याचं नेमकं उत्तर माझ्या पाहण्यात नाही. फक्त उजेड मोजणारे, रंगच न टिपणारे कॅमेरे लायकाने २०१२ पासून आणले. तरी लेन्सवर कुठला फिल्टर लावायचा, हा प्रश्न त्यांनी पुन्हा १९२० च्या जागी आणून ठेवला.

हे प्रश्न सुटेपर्यंत स्टुडिओंना आणि फोटो काढणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती आहे. कृष्णधवल करून झाल्यावर रंगीत मूळ फाईल पुसू नका, आणि कुठला स्लायडर किती हलवला ते तिच्याबरोबर लिहून ठेवा. तीन आकड्यांचा एक आकडा झाला की त्यातून पुन्हा तीन काढता येत नाहीत, आणि ज्याचा चेहरा आहे त्याच्या घरातल्या कुणाला उद्या वेगळं उत्तर हवं असेल, तर ते फक्त त्या रंगीत फाईलमधूनच मिळेल.